ओठांतले पान

एक खोटे मी अनेक वर्षे पोटात ठेवले. ते अवघ्या एका वाक्याचे होते, आणि पळायला आलेल्या मुलामुलींच्या देखत मी ते अगदी शांत आवाजात बोललो होतो. त्या वाक्यावर विश्वास ठेवून एक मुलगी पळाली.

नव्वदच्या दशकात मी चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाहीला एका शाळेत क्रीडाशिक्षक होतो. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलामुलींना पहाटे शाळेच्या मैदानावर पळवत असे. आसपासच्या गावांतून ती सायकलींनी येत. थंडीत धानाच्या बांध्यांवर धुके असे आणि मैदानावर बैलगाड्यांनी उडवलेली धूळ. अशा हवेत तोंड उघडून पळणारी पोरे लवकर खोकू लागत, घसा कोरडा पडून थांबत. म्हणून मी एक नियम केला. पळसाच्या पानाचा तुकडा ओठांत धरायचा आणि नाकानेच श्वास घ्यायचा. पान पडले, की जादा फेरी.

हा नियम सर्वस्वी चुकीचा होता असे मी आजही म्हणणार नाही. संथ पळताना नाक हवेला ऊब आणि ओल देते, धूळ अडवते. शिवाय पान सांभाळायचे म्हणून पोरे सुरुवातीलाच उधळत नसत. त्यांचा दम टिकू लागला, पालक कौतुक करू लागले, आणि मला वाटू लागले की माझ्या हाती एक गुरुकिल्ली आली आहे. जे संथ धावेला खरे, ते जोराच्या धावेलाही खरेच असणार, असे मी धरून चाललो.

ती मुलगी तलावात मासेमारी करणाऱ्या घरातली. भरती झाली तरच घरचे लग्नाचा विषय मागे घेतील, असे तिने मला पहिल्याच दिवशी सांगितले होते. संथ फेऱ्यांत तिचे पान कधीच पडत नसे. पण शेवटच्या फेरीला जोर लावायला सांगितले, की वळणावर ते हमखास पडे.

"सर, नाकानं हवा पुरत नाई," ती एकदा धापा टाकत म्हणाली.

"तलावात बुडी मारणाऱ्या घरची पोर, आणि तुलाच श्वास पुरत नाही?" मी म्हणालो. सगळे हसले.

ती हसली नाही. "बुडी मारली का माणूस पळत नाई, सर. इथी पाय हवा मांगून राह्यले."

"पाय नाही, तुझा आळस मागतो आहे."

"मंग तुमी पळून पाहा ना सर एकखेप. पान धरून. आमच्यासारखं, जोरानं."

 मी हसून विषय संपवला. पण त्याच दिवशी संध्याकाळी, मैदान रिकामे झाल्यावर, मी पान ओठांत धरून पळालो. सुरुवातीच्या फेऱ्या सुखाच्या गेल्या. मग मी वेग वाढवला. नाकपुड्या फुलवून ओढूनही हवा अपुरी पडू लागली, छाती जणू कोणी पंच्याने आवळत होते, आणि सांगता न येणारी एक घाबरी गुदमर घशाशी आली. ती जिथे पान टाकत असे, त्याच वळणावर माझे तोंड आपोआप उघडले. पान धुळीत पडले, आणि दोन-चार श्वासांत छाती मोकळी झाली.

दुसऱ्या पहाटे तिने विचारले, "पळाले का सर?"

मी म्हणालो, "पळालो. माझं पान पडलं नाही."

तिने माझ्याकडे क्षणभर पाहिले आणि मान खाली घातली. त्यानंतर तिने कधी तक्रार केली नाही. जादा फेऱ्या निमूट मारत राहिली.

भरतीच्या दिवशी मी तिच्यासोबत चंद्रपूरला गेलो. तिथे पान नव्हते, पण दोरीबाहेरून मी ओरडत होतो, "तोंड बंद! तोंड बंद ठेव!" तिने ठेवले. इतर मुली तोंड उघडून पुढे जात होत्या आणि ती ओठ दाबून, मान ताणून, नाकाने हवा खेचत होती. शेवटचे वळण आले तेव्हा तिच्याच्याने राहवले नाही. तिने तोंड उघडले आणि अशी सुटली, की तीन-चार जणींना मागे टाकून आली. पण उशीर झाला होता. ती थोडक्यात हुकली.

एसटीत बसल्यावर ती म्हणाली, "माझंच चुकलं सर. शेवटी तोंड उघडलं."

मी दोघांची तिकिटे काढली. पुढच्या भरतीपर्यंत तिचे लग्न झाले होते.

पुढे शिक्षकांच्या एका शिबिरात डॉक्टरांनी आम्हाला पपईच्या पानाचा पोकळ दांडा तोंडात धरून, नाक चिमटीत दाबून श्वास घ्यायला लावला. बसून होतो तोवर सोसले. उठाबशा सुरू करताच सगळ्यांनी दांडे फेकले. डॉक्टर म्हणाले, नाकाची वाट अरुंद आणि वळणाची असते. कष्टात हवा कैक पटींनी जास्त लागते, आणि अरुंद वाटेने दुप्पट हवा ओढायची तर ओढ दुपटीहून कितीतरी अधिक लागते, कारण वेगाने जाणारी हवा आत घुसळते. ते ओझे श्वासाच्या स्नायूंवर पडते. तरीही हवा कमी पडली, की अंगात कर्बवायू साठतो आणि जीव कासावीस होतो. म्हणून एका टप्प्यावर शरीर स्वतःच तोंड उघडते. त्यात आळस नसतो. प्रत्येकाचे नाक सारखे नसते, त्यामुळे तो टप्पाही कोणाचा आधी येतो, कोणाचा नंतर.

सगळे माना डोलावत होते. मला यात नवे काही कळले नव्हते. ते मला त्या संध्याकाळीच, त्या वळणावर कळले होते. तोंड उघडून पळाली असती तर ती नक्की निवडली गेली असती, असे मी म्हणू शकत नाही. पण निदान ती स्वतःच्या दमाने पळाली असती.

मी माझ्या मैदानावरचा पानाचा नियम गुपचूप बंद केला. का, ते कोणाला सांगितले नाही.

त्यानंतर बऱ्याच वर्षांनी तालुक्याच्या शालेय स्पर्धांना मी पंच म्हणून गेलो. मुलींची शर्यत सुरू व्हायची होती. एका शाळेचे एक तरुण शिक्षक, माझेच जुने विद्यार्थी, आपल्या मुलींना बजावत होते, "तोंड उघडायचं नाई. आमचे सर सोता पान धरून पळाले होते, पडलं नव्हतं त्यायचं!" मला पाहून ते अभिमानाने हसले.

त्या मुलींतल्या एकीची वेणी घट्ट करणारी बाई वळली. ती तीच होती, चंद्रपूरला हुकलेली. तिने मला नमस्कार केला आणि म्हणाली, "सर, हे माझी पोरगी. हिचंबी नाक माझ्यासारखंच हाय. पुरत नाई तिले."

मुलीने ओठ मिटून घेतले होते. शिट्टी माझ्याच हातात होती. ती मी खाली घेतली आणि त्या शिक्षकांना, त्या मुलींना, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तिला म्हणालो:

"बाई, माझं पान पडलं होतं. तू टाकायचीस त्याच वळणावर पडलं होतं. मला कळलं होतं, तरी मी खोटं बोललो आणि भरतीच्या दिवशी तुला तोंड मिटून पळायला लावलं. तुझं काहीच चुकलं नव्हतं. मला माफ कर. आणि पोरी, जोर लावशील तेव्हा तोंड उघड."