चिठ्ठीवरचं नाव

ही गोष्ट मी बायकोलासुद्धा सांगितलेली नाही. विमानात इन्सुलिन नेण्यासाठी डॉक्टरांनी आईला दिलेल्या पत्रावर चुकीचं नाव आहे, हे मी ती अमेरिकेला निघायच्या आदल्या दिवशी सकाळीच पाहिलं होतं. आणि गप्प बसलो.

मी भूमला तहसीलमध्ये कारकून. आधारवर एक नाव, सातबाऱ्यावर दुसरं, असं काही दिसलं की माणसाला प्रतिज्ञापत्र करायला परत पाठवायचं, हे माझं रोजचं काम. त्यामुळे नजरेतून सुटलं असं मी म्हणू शकत नाही.

आईला गल्लीत सगळे जिजी म्हणतात. डॉक्टरही. दवाखान्याच्या फायलीवर पहिल्यापासून 'जिजी' आणि पुढं आडनाव. पत्र त्या फायलीवरून तयार झालं. पासपोर्टवर अर्थातच तिचं खरं नाव होतं.

बाकी सगळं मीच नीट केलं होतं. इन्सुलिनचं पेन मूळ खोक्यात, औषधाच्या दुकानाची पावती सोबत, सुया सीलबंद, गार जेलच्या पिशवीत रुमाल गुंडाळून. "हे हातातल्या बॅगेतच. खाली सामानात टाकलंस तर थंडीनं गोठतं, मग उपयोग न्हाय," हे तिला चारदा बजावलं. तपासणीत मागायच्या आधीच औषध आहे म्हणून सांगायचं, हेही घोकून घेतलं.

पण नऊ वर्षं सकाळ-संध्याकाळ तिला सुई मीच टोचत आलोय. लग्नकार्यातून उठून आलोय. आणि दादा, म्हणजे माझा अमेरिकेतला थोरला भाऊ, ज्याच्याकडं ती निघाली होती, त्यानं आठवड्याभरात व्हिडिओ बघून सुई टोचायला शिकून घेतली आणि तसं फोनवर सांगितलं, तर आई त्याला म्हणाली, "तुझा हात हलका असंल रे. ह्याचा लई लागतो."

मी शेजारीच होतो. कापूस आणि स्पिरिट हातात घेऊन.

"मग इतकी वर्षं का न्हाय बोललीस?" मी विचारलं.

"तुला काय सांगायचं? तू लगीच तोंड पाडतो."

दुसऱ्या दिवशी पत्र हातात आलं. दवाखाना दहा मिनिटांवर. मी ते वाचलं, घडी घातली आणि पिशवीत ठेवलं. अडवतील, परत पाठवतील, मग माझ्याकडंच येईल, असं मनात आलं. सुया आणि पेन काढून घेऊन तिला तसंच विमानात बसवलं तर काय, हेही आलं. चोवीस तासांत तिच्या दोन सुया चुकल्या तर साखर मोजायच्या मशीनवर काय आकडा दिसेल, ते मला सगळ्यांपेक्षा जास्त ठाऊक होतं.

मुंबईच्या विमानतळावर सकाळी व्हीलचेअर घेऊन आलेल्या माणसाच्या ताब्यात तिला दिलं. तिकीट नसल्यानं मी दाराबाहेर. तासाभरानं मी तिला फोन केला तर लागेना, सारखा व्यस्त. आत जाऊन ओरडून सांगावंसं वाटलं, नाव चुकलंय, ती तीच आहे. कुणाला सांगणार? दारावरच्या जवानाला? मी नुसता उभा राहिलो.

मग तिचाच फोन आला.

"झालं बाबा. सुटले."

"काय झालं?"

"बॅगेतल्या सुया दिसल्या. कागद बघितला तर म्हणं, हे नाव दुसऱ्याचं, औषध कुणाचं? साहेबाला बोलावलं. मी दादाला फोन लावला. त्यानं डॉक्टरला उठवलं, डॉक्टरनं पासपोर्टवरच्या नावानं दुसरं पत्र लिहून, शिक्का मारून फोटो धाडला. साहेबानं बघितला, पासपोर्टशी ताडला, दिलं सोडून. त्याच्याकडं रात्र होती, तरी पोरानं अर्ध्या तासात काम केलं बघ."

"मला का न्हाय लावलास फोन?"

"तू उगं घाबरला असतास."

मी हातात फोन घेऊन तिथंच बसलो. आई वाचली याचं बरं वाटायच्या आधी मला काय वाटलं, तेही लिहितो. हेही दादाच्याच खात्यात गेलं, असं वाटलं.

आठवड्यानं डॉक्टर बाजारात भेटले. ते थांबून म्हणाले, "जिजीच्या पत्रात माझी चूक झाली हो. फायलीवरचं नाव तसंच उतरलं. पासपोर्ट मागून घ्यायला हवा होता. आईला त्रास झाला."

"होतं असं, डॉक्टर," मी म्हणालो. मोठ्या मनानं माफ केल्यासारखं.

आई आता तिकडं बरी आहे. दादाचा हात हलका आहे, असं दर फोनला सांगते. मी बरं म्हणतो.

डॉक्टरांनी स्वतःवर घेतलेली ती चूक माझी होती, हे त्यांना सांगायचं राहिलं आहे. आणि आईला, मी ते पत्र वाचलं होतं हे.