बर्फ न घालता गारवा

माझं वय त्रेचाळीस होतं, आणि आइंडहोवन या डच शहरातल्या एका छोट्या जाहिरात कंपनीत मी एका वर्षाच्या करारावर होते. त्याआधी पुण्यात चौदा वर्षं हेच काम केलेलं. नवऱ्याला इकडे कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून आम्ही शहराजवळच्या बेस्ट नावाच्या गावात राहायला आलो, आणि मी पुन्हा तळाच्या पायरीवरून सुरुवात केली. कंपनीत आम्ही पाच जण. माझं काम चित्रं काढून देणाऱ्या एआयला सूचना लिहिण्याचं, म्हणजे प्रॉम्प्टचं. काय हवं ते शब्दांत सांगायचं, आलेली चित्रं चाळायची, बरं असेल ते निवडायचं आणि नीटनेटकं करायचं. लोकांना वाटतं, त्यात काय, दोन ओळी लिहायच्या. वाटू दे.

जूनमध्ये एसी बसवून देणाऱ्या एका कौटुंबिक कंपनीच्या जाहिरातीचं काम आलं. आमच्या प्रमुखाने मला सकाळीच बोलावून मागच्या वर्षीची जाहिरात दाखवली: सोफ्यावर पेंग्विन, एसीतून निघणारे निळे झोत, भिंतीला लटकलेले बर्फाचे सुळके. यंदा पेंग्विन काढू, म्हणाला, पण बर्फ राहू दे. गारवा लगेच कळला पाहिजे.

मी म्हटलं, बर्फाने गारवा कळत नाही, फ्रीज कळतो.

तो हसला. मी हसले नाही.

माझं म्हणणं मी सरळ मांडलं. एसी विकत घेणाऱ्या माणसाला हिमालय नको असतो. त्याला संध्याकाळी सहा वाजता आपल्याच दिवाणखान्यात बसता यायला हवं असतं. इथली घरं थंडीसाठी बांधलेली. मोठमोठ्या काचा, जाड भिंती. आत शिरलेली ऊब बाहेर जाऊ नये म्हणून केलेली सगळी तजवीज. चार दिवस कडक ऊन पडलं की तीच घरं तापून बसतात. अशा घरात राहणाऱ्या माणसाला सुळके दाखवणं ही त्याची थट्टा आहे. प्रमुखाने ऐकून घेतलं आणि शेवटी म्हणाला, तुझं कर, पण दुसरं चित्र निळ्या झोताचंही कर. मी म्हटलं, ते मी करणार नाही, दुसऱ्या कुणाला सांग. माझा करार सप्टेंबरात संपत होता हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

पहिले दोन दिवस मशीननेच माझी फजिती केली. 'थंड' म्हटलं की तिला निळंच सुचतं. आतापर्यंत जगाने काढलेल्या असल्या जाहिराती तिच्या पोटात भरलेल्या आहेत. मी चिडून लिहिलं, 'बर्फ नको, धुकं नको, निळे झोत नकोत', तर आधीपेक्षा जास्त बर्फ आला. यात मशीनचा दोष नाही. वाक्यात 'बर्फ' हा शब्द आला की ती तो पकडते, 'नको'कडे तिचं फारसं लक्ष जात नाही. आम्ही वापरत होतो त्या साधनात नको असलेल्या गोष्टींसाठी वेगळा रकाना होता. बर्फ, हिमकण, वाफ, निळी छटा सगळं तिकडे ढकललं. बर्फ गेला, पण गारवाही गेला. उरली एक कोरी खोली आणि दात दाखवून हसणारी बाई.

म्हणजे मला काय नको हे पक्कं माहीत होतं, पण काय हवं हे माहीत नव्हतं. हे मान्य करताना जिवावर आलं, कारण प्रमुखासमोर मी मोठ्या तोऱ्यात बोलून आले होते.

त्या आठवड्यात हवा फारच तापली. सासूबाई तेव्हा आमच्याकडे आल्या होत्या. जळगावात हयात गेलेली बाई, पण आमच्या वरच्या मजल्यावरच्या, पश्चिमेकडे काचा असलेल्या फ्लॅटमध्ये त्या दुपारी हैराण व्हायच्या. "आमच्याकडं ऊन बाहेर असतं गं, इथं घरातच राहायला येतं," असं म्हणायच्या. आम्हाला एसी बसवता येत नव्हता. बाहेरचं युनिट लावायला इमारतीतल्या घरमालकांच्या मंडळाची परवानगी लागते आणि ती मिळाली नव्हती. रविवारी जवळच राहणाऱ्या एका मराठी कुटुंबाने आम्हाला जेवायला बोलावलं. त्यांच्याकडे एसी होता.

आम्ही चालत गेलो. सासूबाईंचा चेहरा लाल झाला होता, ब्लाउज पाठीला चिकटला होता, पदराने त्या सारख्या मान पुसत होत्या. आत गेल्यावर त्या सोफ्याच्या कडेला ताठ बसल्या, पाहुण्यासारख्या. मी समोर बसून बघत होते. पाचेक मिनिटांनी पदर हातातून सुटला. दहा मिनिटांनी त्या मागे टेकल्या. मग खांदे उतरले. थोड्या वेळाने त्यांनी पाय सोफ्यावर घेतले, पावलांवर साडीचा काठ ओढला आणि जरा डोळे मिटले. घरच्यांचा कुत्राही तिथेच होता. तो गोल वळून, नाक शेपटीत खुपसून झोपला होता. आमच्या इमारतीतले कुत्रे त्या दिवसांत जिन्याच्या फरशीवर चारी पाय पसरून, जीभ काढून पडलेले असायचे.

मी सासूबाईंना हळूच विचारलं, "आई, गार वाटतंय का?"

त्या डोळे न उघडताच म्हणाल्या, "काही वाटत नाहीये. तेच बरं वाटतंय."

मला हवं होतं ते एवढंच होतं. गारवा म्हणजे काही वाटेनासं होणं. शरीर स्वतःला विसरतं. हे चित्रात दिसू शकतं, आणि त्याला एक थेंबही निळा रंग लागत नाही.

सोमवारी मी प्रॉम्प्ट पहिल्यापासून लिहिला. 'थंड', 'गार', 'ताजं' असा एकही शब्द त्यात ठेवला नाही. फक्त डोळ्यांना दिसेल तेच लिहिलं. उन्हाळ्यातली उशिराची दुपार. बंद काचेच्या खिडकीबाहेर उन्हाने पांढरी पडलेली रिकामी गल्ली, वाळून पिवळं झालेलं गवत. आत अर्धा ओढलेला सुती पडदा, जमिनीवर उन्हाचा एक पिवळा पट्टा, बाकीची खोली मऊ सावलीत, रंग जसेच्या तसे. सोफ्यावर साठीची बाई, पाय वर घेतलेले, गुडघ्यांपर्यंत पातळ सुती चादर, कोरडी त्वचा, सैल खांदे, पोटावर उलटं ठेवलेलं पुस्तक. पायाशी गोल वळून झोपलेला कुत्रा.

पहिल्या खेपेला कुत्रा पसरूनच पडलेला आला, जीभ बाहेर. एका चित्रात खिडकी उघडी होती आणि पडदा वाऱ्यावर उडत होता. एसी चालू ठेवून खिडकी कोण उघडतं? मशीन दर वेळी एक आकडा आपोआप उचलून त्यावरून चित्राला सुरुवात करते; मग मी तो आकडा एकच ठेवला, म्हणजे चित्राची मांडणी फारशी हलत नाही, आणि दर वेळी एकच गोष्ट बदलत गेले: आधी खिडकी, मग कुत्रा, मग उजेड. सगळं एकदम बदललं तर कशाने काय झालं ते कळत नाही. एसी मात्र मशीनला काढू दिला नाही. तिने काढलेल्या एसीच्या पट्ट्या कुठे जुळलेल्या, कुठे वितळल्यासारख्या. ग्राहकाला विकायची वस्तू आहे, ती खरीच दिसली पाहिजे. एसीवाल्या कंपनीने पाठवलेला फोटो घेतला आणि उजेडाची दिशा जुळवून भिंतीवर बसवला.

प्रमुखाने चित्र बराच वेळ पाहिलं. छान आहे, म्हणाला, पण ही विम्याची जाहिरात वाटते. एसीखाली थोडा निळा झोत टाक, अगदी थोडा.

"नाही," मी म्हटलं.

"या ऑफिसमध्ये शेवटचा निर्णय माझा असतो."

"निर्णय तुझाच आहे. झोत मात्र माझ्या हातून पडणार नाही."

त्याने दुसऱ्या एकाला सांगून झोताचं चित्र करून घेतलं. मी कामाला लागले. नवरा संध्याकाळी म्हणाला, अगं, एवढ्याशा निळ्या रंगासाठी? मी म्हटलं, हो, एवढ्याशासाठीच. मोठ्या गोष्टींसाठी अडून बसायची संधी माझ्यासारखीला कोण देतं?

गुरुवारी एसी कंपनीचा मालक आला. पन्नाशी ओलांडलेला, जाड बोटांचा, इथल्याच ब्राबांट प्रांतातला माणूस. वीस वर्षं स्वतः शिडीवर चढून एसी बसवलेला. प्रमुखाने दोन्ही चित्रं पडद्यावर शेजारी शेजारी लावली आणि आपल्याला कुठलं आवडतं ते सांगितलं नाही. तेवढा प्रामाणिकपणा त्याच्यात होता. मालकाने झोताच्या चित्राकडे पाहून मान हलवली आणि म्हणाला, हे तर दर वर्षीचं. मग माझ्या चित्राजवळ जाऊन उभा राहिला.

"हा एसी इथे कुणी लावला?" त्याने विचारलं.

मी म्हटलं, मी.

"नेमका सोफ्यावर? हवा सरळ हिच्या मानेवर पडेल. तीन दिवसांत मान धरेल आणि ही बाई मला फोन करेल. आम्ही सोफ्याच्या समोर कधीही नाही, डोक्यावर कधीही नाही, बाजूच्या भिंतीवर उंच लावतो, म्हणजे हवा छताच्या कडेने पुढे जाते."

प्रमुख माझ्याकडे बघत होता. मला ओशाळल्यासारखं झालं, पण वादाला जागाच नव्हती. तो माणूस बरोबर होता. मी वहीत लिहून घेतलं आणि विचारलं, बाकीचं?

तो म्हणाला, काम संपवून मी एसी चालू करतो, हत्यारं आवरतो, तोपर्यंत घरातली माणसं अशी होतात. आधी चिडचिड करत असतात, मग गप्प बसतात. "लोकांना मी हे विकतो. पेंग्विन मी कधी बसवला नाही."

एसी बाजूच्या भिंतीवर सरकवून चित्र छापायला गेलं. घरोघरी वाटायच्या पत्रकावर आणि वेबसाइटवर तेच आलं. झोताचं चित्र वाया गेलं नाही. मालकाच्या भावाला ते आवडलं आणि त्याने ते कंपनीच्या व्हॅनवर लावून घेतलं. ती व्हॅन मला कधी रस्त्यात दिसली तर मी दुसरीकडे बघते.

सप्टेंबरात प्रमुखाने नवा करार माझ्यासमोर ठेवला. कायमचा नव्हता, पुन्हा एका वर्षाचाच. तू चांगलं काम करतेस, म्हणाला, पण तुझ्याबरोबर काम करणं सोपं नाही. मी म्हटलं, मला सोपं असण्याचा पगार मिळत नाही. त्यावर तो म्हणाला, असले प्रॉम्प्ट कसे लिहायचे ते बाकीच्यांसाठी एका पानावर लिहून दे.

ते पान मी त्याच दुपारी लिहिलं. पहिलंच वाक्य असं होतं: वस्तू काय करते ते दाखवू नका, ती चालू झाल्यावर माणूस काय करायचं थांबवतो ते दाखवा. प्रमुखाने त्यातली 'दाखवू नका'ची भाषा जरा सौम्य करायला सांगितली. मी केली नाही.