आधी पितळ थकतं

सातवीची गणिताची चाचणी सुरू होती. बाकांमधून फिरताना मला एक मुलगी बरोबर आलेलं उत्तर खोडताना दिसली. न राहवून मी म्हटलं, "अगं, बरोबर आहे ते!"

"उत्तर बरोबर आहे सर, पण ते का आलं ते कळलं नाही मला."

बाकाखाली तिचे पाय सारखे हलत होते. घरी तिला चुळबुळ म्हणत, हे पुढे तिच्या आईकडून कळलं.

शाळेनंतर ती मामाच्या वर्कशॉपमध्ये लेथवर धातू कातायला शिकली आणि तिथेच टर्नर झाली. मी निवृत्त झालो तरी वाटेत भेटली की दोन मिनिटं थांबायची, तीसुद्धा एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत.

एका संध्याकाळी ती थेट घरी आली. चहा नको म्हणाली, खुर्चीतही बसली नाही. हातातला कागद माझ्यापुढे धरला. "सर, एवढी बेरीज तपासा."

तलावापलीकडे माणसं नेणाऱ्या लाँचसाठी तिने पंखा फिरवणारा दांडा, म्हणजे शाफ्ट, बनवला होता. आत पोलादाचा गाभा, जोर सोसायला. वर पितळेची जाड नळी, पाण्याने गंज लागू नये म्हणून. नळी तापवून गाभ्यावर चढवलेली, थंड झाल्यावर अशी आवळलेली की जरासुद्धा घसरणार नाही. कागदावर पिळाच्या जोराचा हिशेब होता. गाभा एकटा एक हजार सोसतो, नळी एकटी तेराशे साठ, एकूण तेवीसशे साठ. इंजिन जास्तीत जास्त बावीसशे देणार. या आकड्यावर मामांनी सही करून दाखलाही दिला होता, आणि सकाळपासून लाँच भरून निघणार होती.

मी तीनदा तपासलं. "बेरीज बरोबर आहे."

"तेच तर! बेरीज बरोबर आहे आणि शाफ्ट चुकलाय." ती खिडकीपर्यंत जाऊन परत आली. "दोघं एकमेकांना आवळून बसलेत ना, सर? मग दोघांना पीळ सारखाच बसणार. पोलाद पितळेच्या दुप्पट ताठ, पण नळी बाहेरच्या अंगाला, मधल्या रेघेपासून लांब. त्या पिळात नळीची कड आपल्या मर्यादेला टेकते, तेव्हा गाभा स्वतःच्या मर्यादेच्या दोन तृतीयांशावरच असतो. म्हणजे नळीचे तेराशे साठ आणि गाभ्याचे जेमतेम सहाशे सत्तर. दोन हजार तीस! गाभ्याची उरलेली ताकद वापरायची तर अजून पिळावं लागेल, आणि तेवढं पितळेला झेपत नाही."

"म्हणजे तीन पायांच्या शर्यतीसारखं," मी म्हणालो. "एक दमला की दुसऱ्याच्या पायातली ताकद तशीच राहते."

"अगदी तसंच. आणि मी दोघांना वेगवेगळं पळवून त्यांच्या अंतरांची बेरीज केली."

आम्ही दोघं वर्कशॉपवर गेलो. मामा कुलूप लावत होते. तिने सगळं सांगितलं, तेव्हा त्यांचा हात कुलपावरच राहिला.

"चाचणीत तर उत्तम फिरला!"

"अर्ध्या जोरावर, मामा."

"उद्या तुटेल?"

"उद्या नाही. मर्यादा ठरवताना आपण थोडी जागा सोडतोच. पण रोज पुढे-मागे, रोज भरलेली लाँच. कधीतरी नळीला चीर जाईल, आणि त्या दिवशी माणसं पाण्यात असतील, आपण दोघं काठावर."

"लहानपणापासून तुला एका जागी बसवत नव्हतं. आता मलाही बसू देऊ नकोस!" मामा चिडले होते, तरी कुलूप उघडलं. "अगं, दाखल्यावर माझी सही आहे. तो लाँचवाला पुन्हा आपल्या दारात उभा राहील का?"

"आकडा माझा होता. तसं लिहून द्या."

मामांनी दाखल्यांचं पुस्तक काढलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मास्तर, हिला तुम्हीच बिघडवलंत."

सकाळी लाँच सुटण्याआधी मामा आणि ती धक्क्यावर हजर होते. नव्या दाखल्यावर दोन हजारांचा आकडा होता. इंजिनाचा जोर त्याच्या पुढे जाऊ नये म्हणून इंधनाचा रोधक घट्ट करून त्याला सील ठोकलं. लाँचवाल्याने धक्क्यावर सगळ्यांदेखत मामांना नको नको ते ऐकवलं आणि पुढची दोन्ही कामं काढून घेतली. वर्कशॉपमध्ये एका टर्नरपुरतंच काम उरलं, तेव्हा मामांनी काही म्हणण्याआधी तिने आपली हत्यारं आवरली. मामा तिला सोडायला फाटकापर्यंत आले.

आता ती तलावापलीकडच्या पंपांच्या कारखान्यात शाफ्ट तपासते. कामावर त्याच लाँचने जाते. पूर्वीपेक्षा पोचायला तीन मिनिटं जास्त लागतात.