गालफडं नसलेली मासळी

सहाव्या महिन्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मासळी खा, पण लहान. मोठ्या माशात पारा जास्त साठतो." म्हणून गारखेड्याच्या सुपरमार्केटात मी मोठ्या ट्यूना माशाचा महागडा डबा परत ठेवून सार्डिनच्या, म्हणजे तारलीच्या डब्यांकडे वळले. पाचोडच्या बाजारात गालफडं उचलून आतला लाल रंग बघून मासळी पारखणाऱ्या सासूबाई सोबत होत्या; त्यांनी तेलातला आणि मिठाच्या पाण्यातला, दोन्ही डबे नारळासारखे कानाशी हलवले.

"पाण्याचे पैसे नाय द्यायचे."

मी वैतागून मागचं छापील वजन दाखवलं. निथळल्यावर मासळी दोन्हीत सारखीच होती, आणि पाण्यातला डबा स्वस्त. तोच घेतला.

घरी डबा उघडला, तर एकाही माशाला डोकं नव्हतं.

"आता गालफडं कुठं बघू?" म्हणत त्यांनी एक मासा स्वतः खाल्ला, तासभर मला हात लावू दिला नाही, आणि मगच वाढलं.