निधीचा आकडा तेवीस आला

चंद्रव्वासारखी भित्री बाई आख्ख्या सोलापुरात सापडायची नाही. नगरपालिकेच्या दवाखान्यात तीस वर्षं आया होती. शेकडो बाळंतपणं पाहिली, पण घरचा स्टो पेटवायला शेजारणीला हाक मारायची. कुलूप लावून चार पावलं गेली की परत येऊन ओढून बघायची. आम्ही गल्लीतल्या बायका हसायचो. ती म्हणायची, "हसा की. माज्या मागं कोण हाय?"

खरंच कोणी नव्हतं. नवरा गेलेला, मूल नाही. मंद्रूपला एक पुतण्या होता. त्याच्या दारात पडून भाकरी खायची वेळ येऊ नये, एवढंच तिचं मागणं. निवृत्तीचे पैसे मिळाले तेव्हा ती आमच्या यांच्याकडे आली. हे कॉलेजात कॉमर्स शिकवतात. गल्ली यांना सर म्हणते, आणि त्यामुळेच यांच्या डोक्यात हवा शिरलीय.

तिच्यापुढं दोन वाटा होत्या. ईश्वरप्पा वकिलांचा वर्गणी काढून शेअर घेणारा गट, आणि चाटी गल्लीतला व्याजानं ठेवी घेणारा वीरभद्र निधी. यांनी पुण्याहून आणलेल्या अमेरिकी मासिकात शार्प नावाच्या माणसाचं गुणोत्तर वाचलं होतं. कधी कुणावर लावू असं झालेलं!

"सोपं आहे चंद्रव्वा," हे म्हणाले. "पोस्टात बिनधोक सात टक्के मिळतात. त्याच्यावर सरासरी किती जास्त मिळतं ते काढायचं, आणि परतावा दरसाल किती वर-खाली होतो, त्या आकड्यानं भागायचं. जेवढी धाकधूक सोसली, तिच्या बदल्यात किती मिळालं ते कळतं."

गटाचे पाच वर्षांचे टक्के होते चार, बावीस, उणे तीन, एकोणीस, तेरा. निधीचे बारा, बारा, साडेबारा, बारा, बारा. यांनी तासभर कागद काळे केले. गटाचं गुणोत्तर अर्ध्याहूनही कमी आलं. निधीचं जवळजवळ तेवीस!

"तेवीस!" हे ओरडलेच. "विचारायचंच काम नाही."

चंद्रव्वा दुसऱ्याच दिवशी पाच वर्षांच्या मुदतीनं पैसे ठेवून आली. पहिल्यांदाच तिला हसताना पाहिलं.

आठ दिवसांनी हे जेवता जेवता थांबले. घास हातातच. मी म्हटलं, "मीठ जास्त झालं का?" तर म्हणाले, "गिरिजा, तेवीस येतच नसतं. कुणाचंच येत नाही."

म्हणजे काय, मी विचारलं. मग यांनी सांगितलं. गटाचा आकडा हलतो, कारण शेअरचे भाव रोज पेपरात छापून येतात. निधीचा हलत नाही, कारण त्याची मोजदाद कुणी करतच नाही. मालक म्हणेल ते बारा. नव्या ठेवीतून जुन्यांचं व्याज दिलं, तरी बाराच दिसणार. जो धोका आकड्यात उतरलाच नाही, तो गुणोत्तराला कुठून दिसणार? सारख्याच रीतीनं भाव लागणारे दोन फंड असते, तर ताडून पाहण्यात काही अर्थ होता. आणि पाच वर्षं म्हणजे तरी काय, पाचच आकडे.

"आत्ता सुचतंय होय?" मी कडाडले. "अक्कल काय गहाण पडली होती?"

दोघं चंद्रव्वाला घेऊन चाटी गल्लीत गेलो. गादीवरच्या माणसानं चहा मागवला, लई गोड बोलला. मुदतीआधी मुद्दल मिळत नाही, म्हणाला. पैसे कुठं गुंतवलेत, हे विचारलं तर नुसता हसला. हिशेब दाखवा म्हटलं, तर म्हणाला, "व्याज कधी चुकलंय का?"

चुकत नाही, हेच तर भय. एक तारखेला व्याज घरपोच येतं आणि त्या दिवशी चंद्रव्वा त्याच नोटा पुन्हा पुन्हा मोजत बसते. "उशीर झाला असता तर बरं वाटलं असतं गिरिजाबाई," ती एकदा म्हणाली, "वेळेवर आलं की लई भ्या वाटतंय."

हे पोलिसांत जाणार होते. तिनं पाय धरले. "सर, पुरावा न्हाय तुमच्याकडं. नुसता बोभाटा होईल, सगळी पैसे मागाया धावतील आणि निधी बुडंल. पयला माजा पैसा जाईल. मुदत सरू द्या, मग बोला." हे गप्प बसले. मीही. लाज वाटते, पण तिचं तोंड बघवत नव्हतं.

गेल्या रविवारी शेजारची फुलाबाई आली. पोरीचं लग्न दोन वर्षांवर, दागिने मोडून पैसे जमवलेले. "सर, चंद्रव्वाला आकडा काढून दिलात, मलाबी निधीचा काढून द्या. म्हणजे उद्याच ठेवते."

चंद्रव्वा तिथंच शेंगा निवडत होती. यांनी तिच्याकडे पाहिलं, मी यांच्याकडे. फुलाबाईला वाटलं सर आकडेमोड करताहेत, ती कौतुकानं वाट बघत राहिली.

"नगं ठिवू, फुलाबाई," चंद्रव्वा म्हणाली.

"का गं? तुझं तर बरं चाललंय की?"

"बुडणार हाय ते. जा, गल्लीत सगळ्यांस्नी सांग."

फुलाबाई तशीच पळत सुटली. चंद्रव्वानं शेंगांचं सूप बाजूला सरकवलं. मी तिला जवळ घेतलं, तर म्हणाली, "मंद्रूपची शेवटची यष्टी किती वाजता हाय वो?"