किरकिर आवाज आला की

त्या माणसाला सगळे हातोडी म्हणत. आईवडिलांनी ठेवलेलं नाव रेशनकार्डावर पडून होतं. गॅरेजमध्ये त्याचे हात आधी चालत आणि तोंड नंतर. गंजलेला नट सुटला नाही तर तो नटाला शिव्या घालत नसे, सरळ ठोकून काढी. गिऱ्हाइकांशी वागणं साधारण तसंच. एकाने हॉर्न वाजवून घाई केली, तर याने त्याचा हॉर्नच उपटून त्याच्या हातात दिला होता.

अशा माणसाने पावसाळ्यात दुचाकी सांभाळण्याचं रील केलं, ही सगळी बायकोची करणी. त्याने कागदावर तीन तपासण्या नीट लिहून दिल्या होत्या : टायरची नक्षी, ब्रेकचे पॅड, चेनचं तेल. पण बोलायला लागला की आटपेना. बायको म्हणाली, "अहो, लोक एवढं ऐकत नाहीत. छाटा." मग त्याने छाटलं, तेही हातोडीनेच. शेवटी रीलमध्ये राहिलं ते असं : "टायर गुळगुळीत झाला, बदला. ब्रेकचे पॅड झिजले, बदला. किरकिर आवाज आला, तेल सोडा."

'चेनला' हा शब्द कापला गेला, हे दोघांच्याही लक्षात आलं नाही. त्याच्या डोक्यात तेल म्हणजे चेनच. बाकीच्या जगाच्या डोक्यात काय असतं, याचा त्याने कधी विचार केला होता म्हणा!

तिसऱ्या दिवशी दुपारी भर पावसात दूधवाला गाडी ढकलत आला. कपाळ फुटलेलं, एका कोपराची सालपटं निघालेली. गाडी स्टँडला लावली, कॅनची लोखंडी कडी काढली आणि हातोडीच्या खांद्यावर हाणली.

"तेल सोडा काय रे? तेल सोडा?"

हातोडी कोलमडून पान्यांच्या ट्रेवर पडला. उठला तो दूधवाल्याची कॉलर धरूनच. दोघे बाकड्यावर आदळले, बाकडं मोडलं. दूधवाल्याच्या एका ठोशात हातोडीचा ओठ फाटला. हातोडीने त्याला शटरवर असं आपटलं की पत्रा आत गेला. मग टायर काढायची पहार हातोडीच्या हाताला लागली. त्याने ती उगारली.

"अहो!" बायको किंचाळली.

पहार वरच राहिली, कारण दूधवाल्याच्या बाजूला त्याला गाडीचं पुढचं चाक दिसलं. ब्रेकच्या भिजलेल्या डिस्कवर पाणी ठरत नव्हतं, थेंब थेंब होऊन ओघळत होतं. त्याने डिस्कवर बोट फिरवलं. बुळबुळीत.

"ब्रेकला तेल लावलंस? कोणत्या गाढवानं सांगितलं?"

"तूच की! ब्रेक किरकिरत होता. ब्रेकचं बोललास आणि लगेच म्हणालास, तेल सोडा. भिंतीला जाऊन थांबलो मी."

बायकोने मोबाइल उघडला, रील परत लावलं. तिघांनी ऐकलं. हातोडीच्या हनुवटीवरून रक्त गळत होतं, ते पुसायचंही कुणाला सुचलं नाही. बायको खालच्या कॉमेंट्स बघत गेली आणि थिजली.

"आपल्या बारक्यानं लिहिलंय, 'भाऊजी, मस्त! पुढच्या ब्रेकचा आवाज एकदम बंद.' आणि आत्ताच फोन आला होता त्याचा, जेवायला निघालोय म्हणून."

तिचा धाकटा भाऊ यायचा तो उतारावरून. उताराच्या तळाशी गॅरेज, आणि गॅरेजसमोर रस्ता ओलांडला की दगडी भिंत. बायकोने फोन लावला. वाजत राहिला.

"टायर!" हातोडी ओरडला. "जुने टायर काढ!"

हे तो दूधवाल्याला म्हणाला. दूधवाल्यानेही, आत्ताच आपल्याला मारणाऱ्याचं का ऐकावं, हा प्रश्न विचारला नाही. दोघांनी टायर ओढले, भिंतीला लागून एकावर एक रचले. रस्त्यात उभं राहून हातोडी दोन्ही हात हलवायला लागला.

वर वळणावर बारक्याची गाडी दिसली. पुढचा ब्रेक पकडेना, म्हणून त्याने मागचा करकचून दाबला. ओल्या उतारावर मागचं चाक जाम झालं आणि गाडी आडवी घसरत आली. हातोडीने बाजूला उडी मारली. गाडी टायरांत घुसली, रचलेला ढीग कोसळला, आणि बारक्या गाडीवरून उडून त्या ढिगावर पालथा पडला.

हातोडी ढिगाकडे धावला.

"भाऊजी," ढिगातून आवाज आला, "पाय... पाय मोडला वाटतं."

"मान हलते का?"

"हलते."

"मग बोंबल हवं तेवढं." असं म्हणून हातोडी त्याच्याशेजारी चिखलातच बसला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला कुणालाच मारावंसं वाटत नव्हतं.

बारक्याला दूधवाल्याच्या ओळखीच्या टेम्पोत घालून दवाखान्यात नेलं. दूधवाला सोबत गेला. जाताना हातोडीला म्हणाला, "माझं कपाळ विसरलो नाहीये मी."

"पॅड नवीन टाकून ठेवतो. तेल प्यायलेले पॅड पुसून भागत नाही. डिस्क क्लीनरनं धुवावी लागेल."

हातोडीने आधी जुनं रील काढून टाकायला लावलं. मग बायकोला म्हणाला, "धर मोबाइल."

"ओठ तरी पुसा."

"राहू दे. असाच बघतील तर नीट ऐकतील." तो मोडलेल्या बाकड्यासमोर उभा राहिला. "टायरची नक्षी बघा. ब्रेकचे पॅड बघा. चेन पुसा आणि तेल सोडा, चेनला. फक्त चेनला. जास्तीचं फडक्यानं टिपून घ्या. डिस्कवर एक थेंब गेला तरी गाडीवर बसू नका, ढकलत आणा. माझं आधीचं ऐकून कुणी ब्रेकला तेल लावलं असेल, तर चूक माझी. या, धुऊन देतो." ओठ झोंबला म्हणून तो थांबला. "आणि मारायचं असेल तर डावा खांदा धरा. उजवा झालाय आज."

बायको म्हणाली, "लांब झालं."

"होऊ दे."