माणिकरावांनी फोडलेली बॅटरी

राणीसावरगावात लग्न असो, दहावा असो की शाळेचं झेंडावंदन, चार शब्द बोलायला माणिकरावच उभे राहायचे. आणि माणिकरावांचे चार शब्द म्हणजे ऐकणाऱ्यानं घोंगडं अंथरूनच बसावं. पासष्टीला टेकलेला माणूस, पण आवाज खणखणीत. गाव त्यांची टर उडवायचं आणि तरी ऐकायचं, कारण गडी खोटं बोलणारा नव्हता. निदान त्या फाल्गुनापर्यंत तरी नव्हता.

त्यांची पुतणी राजेश्री परभणीला कॉलेजात शिकते. घरातले जुने मोबाईल, चार्जर, बॅटऱ्या यांचं काय करावं हे लोकांना सांगणारी तीन मिनिटांची फिल्म तिला करायची होती. तिनं काकांना विचारलं आणि काकांनी लगोलग इस्त्रीचं धोतर काढलं.

शूटिंग त्यांच्याच रानात झालं, बांधावरच्या बाभळीखाली. हरभरा नुकताच काढलेला, शेजारी भुशाचा ढीग. बाजेवर राजेश्रीनं गावातून गोळा केलेला माल मांडला: फुटक्या काचेचे मोबाईल, वायरींचा गुंता, फुगून पोळीसारख्या झालेल्या दोन बॅटऱ्या. माणिकराव बोलले आणि झकास बोलले.

"हे केरात टाकू नका, वायरी तांब्यासाठी जाळू नका. मोबाईल देण्याआधी सिम काढा, आतला समदा मजकूर पुसा. फुगलेली बॅटरी दाबू नका, टोचू नका. सुट्या बॅटरीच्या टोकांना चिकटपट्टी लावा, कोरड्या डब्यात निराळी ठेवा. अन् मंग नोंदणी असलेल्या केंद्रात न्हाईतर कंपनीच्या दुकानात द्या. फवारणी पंपाची बॅटरी तर नवी घेताना त्याच दुकानदाराला परत करायची. तिच्यात शिसं असतंय. जनावराच्या तोंडात गेलं तर जीव जातोय."

राजेश्री म्हणाली, "झालं काका, छान झालं."

पण काकांचं समाधान कुठलं व्हायला? ते खोपीतून पंपाची मेलेली बॅटरी घेऊन आले. सोबत कुऱ्हाड. "नुसतं सांगून लोकांना पटत न्हाई. आत काय असतंय ते दिसू दे."

"नको काका, फोडायची नसते ती. तेच तर आपण सांगतोय."

"फोडू नका असं म्हणतच फोडतो की."

आणि फोडली. कॅमेऱ्यासमोर करड्या पट्ट्या निघाल्या, त्यांचा भुगा हरभऱ्याच्या काडावर सांडला. राजेश्रीनं मोबाईल, चार्जर आणि फुगलेल्या बॅटऱ्या डब्यांत भरून परभणीला नेल्या. "हे तुकडे भुग्यासकट बादलीत भरून ठेवा, पुढच्या खेपेला नेते," असं तिनं दोनदा बजावलं. माणिकराव हो म्हणाले. मग ऊन तापलं, बादली विहिरीवर होती, आणि त्यांनी ते सगळं पायानं भुशाच्या ढिगात सारलं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. दुसरं काय म्हणायचं?

आठ दिवसांनी रायभान आणि त्याची बायको अंबाबाई साठ मेंढरं घेऊन आले. दरसाल हरभरा निघाला की ते माणिकरावांच्या रानात मेंढरं बसवत. रात्रभर मेंढरं बसली की रानाला लेंडीखत मिळतं. माणिकराव खुशीत होते. फिल्म गावोगावच्या ग्रुपवर फिरत होती, वाहवा चालली होती. त्या खुशीतच ते अंबाबाईला म्हणाले, "तो भुसा बी खाऊ दे मेंढरांला. लय हाय."

चौथ्या दिवशी एक मेंढी कुंपणाला धडकली. मागे सरली, पुन्हा तिथंच धडकली. तिला दिसत नव्हतं. दुसरी दात खात उभी होती, तिच्या पापण्या फडफडत होत्या. दुपारपर्यंत तीन मेल्या.

शेजारच्या सितारामच्या बांधावरून मेंढरं आदल्या दिवशी गेली होती, आणि सितारामनं टरबुजावर औषध मारलं होतं. संशय तिकडं गेला. रायभान त्याच्या दारात जाऊन वाटेल ते बोलला. सिताराम लेकराबाळांची शपथ घेत होता. माणिकराव तिथंच उभे होते. भुशाच्या ढिगाकडे बघूनच त्यांना सगळं कळलं होतं. ज्या तोंडानं तीन मिनिटं सरळ बोलता आलं, त्या तोंडातून एक वाक्य निघेना. गाव आज त्यांचा व्हिडिओ बघत होतं, आज कसं सांगायचं? उद्या सांगू, असं मनाशी म्हणत ते घरी गेले. संध्याकाळी ढीग हलवायला रानाकडे निघाले, पण कुणी पाहिलं तर काय, या धाकानं वाटेतून परत फिरले. मेंढरं भुसा खातच राहिली.

सकाळी आणखी चार मेल्या होत्या. एक तडफडत होती. रायभाननं सुरी काढली होती. "मरायच्या आत कापतो. गावात वाटे घालतो, तेवढंच." मग माणिकरावांकडे वळून म्हणाला, "मालक, पहिला वाटा तुमच्या घरी. तुमी आमाला आसरा दिलाय."

माणिकरावांनी त्याचं मनगट धरलं.

"कापू नको रायभान. ते मटण कुणी खायाचं न्हाई." त्यांचा खणखणीत आवाज कुठल्या कुठं गेला होता. "सितारामचा काई दोष न्हाई. बॅटरी मी फोडली. ते तुकडे भुशात हायत. मीच टाकले."

रायभानला आधी कळलंच नाही. माणिकरावांनी भुसा हातानं उपसला, करडी पट्टी काढून दाखवली. तेव्हा त्याच्या हातातली सुरी खाली आली.

अंबाबाई जवळ आली. "कालपासून ठावं व्हतं तुमाला?"

माणिकराव वाकून भुसा उपसतच राहिले. तिला तेवढं पुरलं.

मग पळापळ झाली. मेंढरं दुसऱ्या रानात हाकलली. गुरांच्या दवाखान्यातून डॉक्टर आले, त्यांनी रक्ताचे नमुने घेतले, औषध पाजलं, सुया दिल्या, शिशावरचा उतारा परभणीहून मागवला. मेलेली जनावरं खोल खड्ड्यात पुरली. तुकडे, भुसा आणि खालची माती गोण्यांत भरून निराळी ठेवली; राजेश्रीनं पुढं ती योग्य ठिकाणी पोचवली. जाता जाता डॉक्टर सहज म्हणाले, "भुसा कालच हटवला असता तर पुष्कळ वाचली असती." त्यांना बिचाऱ्यांना काय ठाऊक, कुणासमोर बोलतोय ते.

एकूण अकरा गेली. दोन आंधळी राहिली. माणिकरावांनी न मागता भरपाई दिली, सितारामच्या दारात जाऊन हात जोडले. राजेश्रीला फोन करून म्हणाले, "ती फिल्म काढून टाक पोरी. मला तोंड दाखवायला जागा न्हाई."

ती म्हणाली, "काका, तिच्यातलं एकही वाक्य खोटं नाही. कशाला काढू?"

त्यानंतर गावात लग्नं झाली, दहावे झाले. माणिकरावांना कुणी बोलू नका म्हटलं नाही, तेच मागच्या रांगेत बसू लागले.

पुढच्या फाल्गुनात हरभरा निघाला. त्यांनी ढेकूळ न् ढेकूळ उलथून रान साफ केलं आणि सकाळपासून बांधावर वाट बघत उभे राहिले. मेंढरं आली. अंबाबाई पुढं होती. माणिकरावांनी हाक मारली, "बाई, रान मोकळं हाय. यंदा बसवा की."

ती थांबली. पदर नीट केला. रागाचा लवलेश नव्हता तिच्या बोलण्यात.

"तुमी सांगताल ते खरंच असंल, मालक. पण मेंढरांला आयकू येत न्हाई."

आणि तिनं कळप सितारामच्या मोकळ्या रानाकडे वळवला.